संकेतस्थळ, इतिहाससंशोधनातील आधार म्हणून

इतिहासाच्या लेखनात संकेतस्थळावरील मजकुराचा हवाला द्यावा की नाही, हे ठरवण्याची रीत. संपूर्ण संकेतस्थळाला एकदाच खरे किंवा खोटे ठरवण्यात फारसा अर्थ नसतो. तपासायचे असते ते एकेक विधान. ते कुठून आले, मूळ साधनापर्यंत त्याचा माग लागतो का, आणि मूळ साधनात खरोखर तसेच आहे का, हे पाहावे लागते.

नाशिकच्या पांडवलेण्यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. ‘क्षहरातांचा निर्वंश करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या पराक्रमाचा लेख नाशिकच्या लेण्यात कोरवला,’ अशा अर्थाचे विधान एखाद्या संकेतस्थळावर वाचायला मिळाले, असे समजू. पानावर लेखकाचे नाव नाही, लेण्याचा क्रमांक नाही, लेखाचे वर्ष नाही. मग विधानातला एखादा नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालून शोधावा. तोच मजकूर तसाच्या तसा अनेक पानांवर सापडला, तर ते अनेक पुरावे होत नाहीत. एकाच पानाच्या नकला असतात.

पुढची पायरी मूळ पाठाची. नाशिकच्या लेखांचे एमिल सेनार यांनी केलेले संपादन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात (१९०५-०६) आहे. ते उघडले की घोळ लगेच उलगडतो. लेणे क्रमांक ३ मध्ये गौतमीपुत्राचे स्वतःचे लेख आहेत, पण ते जमीनदानाचे आहेत. राज्यवर्ष १८ च्या लेखात पूर्वी क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना दिल्याची आज्ञा आहे. ते शेत कसले जात नाही, म्हणून १०० निवर्तने दुसरी जमीन द्यावी, अशी वर्ष २४ ची आज्ञा आहे. पराक्रमाचे वर्णन असलेला प्रसिद्ध लेख मात्र वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षाचा असून तो गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा आहे. मुलाच्या पश्चात, नातवाच्या राज्यात आजीने लेणे दान केले आणि मुलाची प्रशस्ती कोरवली. म्हणजे संकेतस्थळावरच्या त्या एका वाक्यात कर्ता चुकला, काळ चुकला आणि एका आईने केलेले दानही नाहीसे झाले. प्रशस्तीतील दावे वाचताना ही माहिती निर्णायक ठरते, कारण आईने केलेली मुलाची स्तुती आणि राजाची प्रशासकीय आज्ञा यांचे वजन सारखे धरता येत नाही.

पत्त्याच्या शेवटी gov.in असले की निश्चिंत व्हावे, असा समज अभ्यासकांतही आढळतो. त्यावरून मजकूर कोणी ठेवला एवढेच कळते. मजकुराचे वय त्यावरून कळत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिकविषयीचा सोळावा खंड १८८३ चा आहे. त्याचा मजकूर आज सहज मिळतो आणि पुष्कळदा वर्ष न सांगता उतरवला जातो. त्याचे वय ओळखण्याची एक स्थानिक खूण आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला आणि त्यातील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आढळला. नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या कालसंबंधाची चर्चा या साठ्यावाचून करता येत नाही. त्या प्रश्नावर ठाम निर्णय देणाऱ्या पानात जोगलटेंभीचा उल्लेखच नसेल, तर ते पान जुन्या मजकुरावर बेतलेले असण्याची दाट शक्यता असते. हीच कसोटी सेनार यांनाही लागते. त्यांचे वाचन आजही उपयोगी आहे. मात्र कालनिर्णयासाठी वा. वि. मिराशी यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांकडे जावे लागते.

archive.org वरील जुन्या ग्रंथांच्या प्रती वाचताना पानाचे छायाचित्र पाहावे. त्यासोबतचा यंत्राने काढलेला मजकूर शोधण्यापुरता ठीक असतो, पण प्राकृत नावांवरील चिन्हे आणि आकडे त्यात बिघडतात. १८ चे १३ झाले तर राज्यवर्षच बदलते.

संकेतस्थळ हेच साधन ठरते असेही प्रसंग आहेत. पांडवलेण्यांविषयी आज लोक काय मानतात, पांडवांशी त्यांचा संबंध कसा जोडला जातो, हा अभ्यासविषय असेल तर निनावी पानही पुरावा आहे. अशा वेळी पाहिल्याची तारीख नोंदवावी आणि पानाची जतन केलेली प्रत ठेवावी, कारण मजकूर बदलतो.

इतर वेळी तळटीपेत मूळ संपादनाचा खंड, वर्ष व पृष्ठ द्यावे आणि ते कोणत्या संकेतस्थळावर वाचले ते शेवटी सांगावे. जे मूळ पान स्वतः उघडून पाहिलेले नाही, त्याचा क्रमांक दुसऱ्याच्या तळटीपेतून उचलून देऊ नये.