बँकेच्या कॉलचं रेकॉर्डिंग आणि त्यातून तयार होणारी तारीखवार तक्रार

खात्यातून पैसे कापले गेले आणि ते का कापले ते पटत नसेल, तर आपण आधी कस्टमर केअरला फोन लावतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, "सात दिवसांत होऊन जाईल" म्हणतो आणि फोन ठेवतो. आठव्या दिवशी दुसराच माणूस फोन उचलतो आणि आधी काय ठरलं ते त्याला ठाऊक नसतं. अशा वेळी फोनमधलं रेकॉर्डिंग कामाला येतं. पण बँकेत तुमची दहा मिनिटांची ऑडिओ फाइल कुणी ऐकत बसत नाही. तिथे वाचला जातो तो एक पानाचा अर्ज. रेकॉर्डिंगचा उपयोग त्या अर्जातली प्रत्येक तारीख आणि प्रत्येक आश्वासन अचूक लिहिण्यासाठी असतो. हे कसं करायचं, ते गुहागरमधल्या माझ्या आत्याच्या केसवरून सांगतो.

काय झालं होतं

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. आत्याने गुहागरच्या बाजारपेठेतल्या दुसऱ्या एका बँकेच्या एटीएममधून ५,००० रुपये काढायला कार्ड घातलं. मशीन अडकलं, नोटा आल्या नाहीत, पावतीही नाही. पण १७:५२ ला पैसे वजा झाल्याचा मेसेज मात्र आला.

मशीन कुठल्याही बँकेचं असलं, तरी तक्रार आपलं खातं आणि कार्ड ज्या बँकेचं आहे तिच्याकडेच करायची. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत परत आले पाहिजेत. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, रविवार-सुट्टीसकट. त्यापुढे उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने ग्राहकाने न मागताच जमा करायची असते. आत्याच्या बाबतीत ही मुदत १६ नोव्हेंबरला संपत होती.

कॉल करण्याआधी

कस्टमर केअरचा नंबर कार्डच्या मागून किंवा पासबुकवरून घ्या. सर्चमध्ये वर दिसणारा नंबर अनेकदा फसवणाऱ्यांचा असतो. बोलायचं खातेदारानेच, कारण दुसऱ्याला बँक माहिती देत नाही. त्यामुळे बोलली आत्या आणि मी शेजारी वही घेऊन बसलो.

सॅमसंगच्या बहुतेक फोनमध्ये फोन ॲपच्या सेटिंगमध्ये `Record calls` हा पर्याय असतो आणि फाइल `Recordings/Call` या फोल्डरमध्ये जाते. गूगलचं फोन ॲप असेल, तर सेटिंगमध्ये `Call recording` बघा. रेकॉर्डिंग सुरू झाल्याची घोषणा दोघांनाही ऐकू जाते आणि फाइल त्याच ॲपमध्ये राहते, म्हणून तिथून लगेच शेअर करून बाहेर काढून ठेवा. ठरावीक दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग पुसण्याची सेटिंगही तिथेच असते, ती तपासा. आयफोनवर ही सोय आयओएस १८.१ पासून आहे. तिथेही घोषणा होते आणि फाइल `Notes` मध्ये जाते. यातलं काहीच नसेल, तर स्पीकर चालू करून दुसऱ्या फोनचा रेकॉर्डर शेजारी ठेवा. रेकॉर्डिंगच्या नावाखाली मिळणारी अनोळखी ॲप टाकू नका. २०२२ पासून गूगलने प्ले स्टोअरवरच्या अशा ॲपचा मार्ग बराच बंद केला आहे, त्यामुळे अनेकांत पलीकडचा आवाजच येत नाही. म्हणून खऱ्या कॉलआधी मित्राला एक कॉल करून दोन्ही बाजू ऐकू येतात का, ते बघा.

स्वतःचा कॉल असा रेकॉर्ड करणं चालतं का? याचा जुना दाखला मुंबईतलाच आहे. १९६४ साली एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या फोनला टेप रेकॉर्डर जोडून त्याचं आणि मुंबईचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांचं बोलणं लाचलुचपत विभागाने टिपलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या निकालात ते पुरावा म्हणून स्वीकारलं, कारण बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची त्याला संमती होती. तरी सुरुवातीलाच "मीही कॉल रेकॉर्ड करतेय" असं सांगून टाकलेलं बरं. बँकही तुमचा कॉल रेकॉर्ड करतच असते. तेवढ्यावरून पलीकडच्याने फोन ठेवलाच, तर त्याची वेळ वहीत लिहा आणि पुन्हा लावा.

कॉलवर काय बोलायचं

चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये चार गोष्टी मोठ्याने बोललेल्या सापडतात: आजची तारीख-वेळ, समोरच्याचं नाव, तक्रार क्रमांक आणि आश्वासनाची तारीख. समोरचा कधीच आपणहून तारीख बोलत नाही, ती त्याच्याकडून वदवून घ्यावी लागते. आत्याचा पहिला कॉल शेवटाकडे असा झाला:

"मॅडम, सात वर्किंग डेजमध्ये होऊन जाईल."

"म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत, सांगाल का?"

"१९ नोव्हेंबरपर्यंत, मॅडम."

"बरं, मी परत सांगते हं. ५,००० रुपये एटीएममधून मिळाले नाहीत ही तक्रार घेतली आणि १९ नोव्हेंबरपर्यंत पैसे खात्यात येतील. बरोबर ना?"

"हो मॅडम, बरोबर."

हे शेवटचं "हो, बरोबर" फार मोलाचं आहे. आधीचं "होऊन जाईल" हे नुसतं बोलणं होतं. तारखेसकट परत सांगून हो म्हणवून घेतलं, तेव्हा ते आश्वासन झालं.

एक सांभाळा. पिन, ओटीपी किंवा कार्डचा पूर्ण नंबर बोलायची बँकेला गरज नसते. कुणी मागितलं, तर तो कॉल बँकेचा नाही असं समजून ठेवून द्या.

रेकॉर्डिंगवरून टिपण

फोन ठेवल्या ठेवल्या फाइलला नाव द्या, नाहीतर आठवड्याने दहा फाइलींत ती सापडत नाही. तारीख आधी लिहिली की फाइली आपोआप क्रमाने लागतात:

```
2025-11-11_1840_call1.m4a
2025-11-20_1105_call2.m4a
```

मूळ फाइल कापू नका, आवाज वाढवू नका. एक कॉपी करून तीच ऐका. पुढे प्रकरण ग्राहक आयोगात गेलं, तर मूळ फाइल, ती ज्या फोनवर झाली तो फोन आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागू शकतं.

मग फाइल थांबवत थांबवत ऐका आणि फक्त महत्त्वाची वाक्यं मिनिट-सेकंदासह उतरवा. सगळं बोलणं शब्दशः लिहायची गरज नाही. इथे दोन ठिकाणी घोळ होतो. एक, समोरचा जे बोलला ते आणि आपल्याला जे वाटलं ते एकाच वाक्यात मिसळतं. "बँकेने चूक कबूल केली" असं लिहू नका. "तक्रार नोंदवली, १९ तारखेपर्यंत पैसे येतील, असं सांगितलं" इतकंच लिहा. दोन, "परवा", "सात दिवसांत" असले शब्द तसेच राहतात. प्रत्येकाची कॅलेंडरची तारीख काढा.

२० तारखेच्या दुसऱ्या कॉलवर उत्तर आलं की सिस्टीममध्ये व्यवहार 'सक्सेसफुल' दिसतोय, म्हणून तक्रार बंद केली. असं अनेकांना सांगितलं जातं. याचा अर्थ इतकाच की मशीनने पैसे दिल्याचा संदेश पाठवला. नोटा खरंच बाहेर आल्या का, ते मशीनच्या नोंदीत म्हणजे ईजे लॉगमध्ये, त्या दिवशीच्या रोकड मोजणीत आणि कॅमेऱ्यात कळतं. त्यामुळे अर्जात नुसतं "पैसे द्या" न म्हणता या तीन गोष्टी तपासायला सांगायचं.

तयार अर्ज

२१ नोव्हेंबरला शाखेत दिला तो अर्ज असा होता:

> विषय: एटीएममधून न मिळालेले ५,००० रुपये परत मिळण्याबाबत
>
> व्यवहार: ११/११/२०२५, १७:५२, दुसऱ्या बँकेचे एटीएम, गुहागर. खात्याचे शेवटचे चार आकडे व व्यवहाराचा संदर्भ क्रमांक सोबत. रोकड मिळाली नाही, पावती आली नाही.
>
> कॉल १: ११/११/२०२५, १८:४०. प्रतिनिधीचे नाव व तक्रार क्रमांक सोबत. १९/११/२०२५ पर्यंत रक्कम जमा होईल, असे सांगितले (रेकॉर्डिंग ६:१२). रक्कम आली नाही.
>
> कॉल २: २०/११/२०२५, ११:०५. व्यवहार यशस्वी दिसतो म्हणून तक्रार बंद केली, असे सांगितले (३:४०). तपासणीचा कागद दिला नाही.
>
> मागणी: १) ५,००० रुपये जमा करावेत. २) रिझर्व्ह बँकेच्या २०/०९/२०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे १७/११/२०२५ पासून दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, आजपर्यंत ५ दिवसांचे ५०० रुपये. ३) रक्कम नाकारायची असल्यास ईजे लॉग, रोकड मोजणी व कॅमेरा चित्रणाच्या आधारे लेखी कारण द्यावे. ४) कॅमेरा चित्रण आणि वरील दोन्ही कॉलचे बँकेकडील रेकॉर्डिंग जपून ठेवावे.

शेवटची ओळ मुद्दाम आहे. तारीख आणि वेळ नेमकी असली, की बँकेला आपलंच रेकॉर्डिंग शोधता येतं. मग तुमची फाइल खरी की खोटी, हा वादच उरत नाही. म्हणून ऑडिओ सोबत जोडू नका. "मागितल्यास देऊ" एवढं लिहा. त्या फाइलमध्ये जन्मतारीख, पत्ता असं बरंच बोललेलं असतं. याच कारणाने ती व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नका.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेऊन पोच घ्या. तोच मजकूर बँकेच्या वेबसाइटवरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवरही पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वेळ न घालवता cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती मोफत असते, पण आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा लागतो. शाखेची पोच हाच तो पुरावा.

आत्याचे ५,००० रुपये २६ नोव्हेंबरला जमा झाले, भरपाई मात्र आली नाही. मग त्याच अर्जाखाली आणखी एक ओळ घातली: "रक्कम २६/११/२०२५ रोजी जमा. १७ ते २६ नोव्हेंबर, १० दिवसांचे १,००० रुपये बाकी." पुन्हा पोच घेतली. ३ डिसेंबरला तेही १,००० रुपये आले.