विमाने उतरेपर्यंत

इथल्या आपल्या पिढीला एमसीआय हे टेलिफोन कंपनीचे नाव चांगलेच आठवत असेल. १९९८ साली वर्ल्डकॉमने ती विकत घेतली आणि २००२ च्या जुलैत वर्ल्डकॉमचेच दिवाळे निघाले. त्या प्रकरणात बर्नी एबर्स यांचेच नाव गाजले. मला मात्र मिसिसिपीतल्या क्लिंटन गावच्या मुख्य कचेरीत हिशेब लिहिणाऱ्या बेटी व्हिन्सन या बाईंची हकीकत अधिक विचार करायला लावते.

वर्ल्डकॉमचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे इतर कंपन्यांच्या तारा वापरण्याचे भाडे. धंदा मंदावला, पण करार लांब मुदतीचे असल्यामुळे भाडे कमी होईना. वॉल स्ट्रीटला मात्र ठरलेला नफा हवा होता. २००० च्या तिसऱ्या तिमाहीत व्हिन्सनबाईंना वरून हुकूम आला: येणाऱ्या बिलांसाठी राखलेल्या तरतुदीतून ८२.८ कोटी डॉलर काढा आणि खर्च तेवढा कमी दाखवा. त्यांनी नोंद केली, आणि मग राजीनामा लिहायला घेतला. अर्थप्रमुख स्कॉट सलिव्हन यांनी त्यांना बोलावून समजूत घातली, की विमाने हवेत आहेत, ती उतरू द्या, मग हवे तर जा. घरातली मुख्य कमाई बाईंची होती. (व्हिसाच्या काळजीत दिवस काढलेल्यांना हे निराळे सांगायला नको.) त्या राहिल्या.

विमाने काही उतरली नाहीत. पुढे तरतूदही पुरेना, तेव्हा २००१ च्या पहिल्या तिमाहीत ७७.१ कोटींचे भाडे चक्क मालमत्तेत टाकले गेले. घरभाडे भरून ते घरखरेदीत मांडावे, तसाच हा प्रकार. शंभर डॉलर खर्च मांडले तर नफा त्याच वर्षी शंभरने घटतो. तीच रक्कम मालमत्ता म्हणून दहा वर्षांवर पसरली, की फक्त दहाने. याला नुसती रंगरंगोटी कसे म्हणायचे? यंत्राचे आयुष्य आठ वर्षे धरायचे की दहा, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. वापरून संपलेल्या महिन्याच्या भाड्यावर होऊ शकत नाही. हिशेबनिसाने नकार द्यायची जागा ती हीच. साहेबांनी जबाबदारी घेतो म्हटल्याने नोंद करणाऱ्याचे दायित्व टळत नाही.

बाहेरच्यांनाही एक खूण दिसत होती. मंदीतसुद्धा भाड्याचे महसुलाशी प्रमाण दर तिमाहीला ४२ टक्क्यांच्या आसपासच राही. खरे प्रमाण ५० च्या वर गेलेले होते.

व्हिन्सनबाईंनी २००२ च्या ऑक्टोबरात गुन्हा कबूल केला. २००५ साली शिक्षा देताना न्यायाधीशांनी मान्य केले, की दोषींमध्ये त्यांचा वाटा सर्वांत कमी असलेल्यांपैकी होता. पण त्यांनी नकार दिला असता तर कदाचित कट मुळातच खुडला गेला असता, असेही सांगितले. पाच महिने तुरुंग आणि पाच महिने घरात स्थानबद्धता.

२००२ च्या जूनमध्ये अंतर्गत लेखापरीक्षणाच्या प्रमुख सिंथिया कूपर त्यांच्या टेबलाशी गेल्या आणि या नोंदींचे कागद मागितले. नोंदी मीच केल्या, आधाराचे कागद माझ्याकडे नाहीत, असे बाईंनी सांगून टाकले.