भागधारकांना पत्र : निकालांच्या सादरीकरणावरून मसुदा

कंपनीच्या अध्यक्षांनी किंवा व्यवस्थापकीय संचालकांनी सरल्या वर्षाची हकिगत भागधारकांना सांगण्यासाठी लिहिलेले पत्र. भारतात ते वार्षिक अहवालाच्या सुरुवातीला छापतात; ‘अध्यक्षांचे मनोगत’ या नावानेही ते ओळखले जाते. संचालक मंडळाचा अहवाल 2013 च्या कंपनी कायद्याने सक्तीचा आहे, हे पत्र नाही. म्हणून त्याला ठरीव साचाही नाही.

सूचिबद्ध कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून 60 दिवसांत लेखापरीक्षित निकाल शेअर बाजाराला कळवावे लागतात. त्याच सुमारास विश्लेषकांसाठी सादरीकरण तयार होते. पत्राचा मसुदा बहुधा त्यातल्या दोन स्लाइडवरून उतरतो : ठळक आर्थिक आकडे आणि पुढील वर्षाचा अंदाज. पहिल्या स्लाइडवर आकडा असतो, शेजारी वर किंवा खाली जाणारा बाण असतो, कारण नसते. बाणाचे नुसते ‘वाढ झाली’ असे वाक्य केले की पत्र झाले, असा समज कार्यालयांत पक्का आहे. अनेक पत्रे वाचवत नाहीत ती त्यामुळेच.

पंप बनवणाऱ्या एका कल्पित कंपनीची स्लाइड घेऊ. विक्री 760 कोटींवरून 842 कोटी रुपये, म्हणजे 10.8 टक्के वाढ. एबिटा (व्याज, कर व घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा) 99 कोटींवरून 101 कोटी. करोत्तर नफा 47 कोटींवरून 58 कोटी, वाढ 23 टक्के. तीनही बाण वर आहेत. विक्री दहा टक्क्यांहून जास्त वाढली आणि एबिटा जेमतेम दोन टक्के, तर शेवटचा नफा 23 टक्के कसा वाढला, हा प्रश्न मसुदा लिहिणाऱ्याने इथेच थांबून विचारायचा. उत्तर निकालपत्रकातल्या ‘अपवादात्मक बाबी’ या ओळीत सापडते : जुन्या कारखान्याची जमीन विकून कर वजा जाता 12 कोटी मिळाले. ते बाजूला काढले की उरतात 46 कोटी, गेल्या वर्षीपेक्षा एक कोटी कमी.

विक्रीचेही तसेच. पंपांची संख्या 4 टक्क्यांनीच वाढली. उरलेली वाढ किमती वाढवल्यामुळे आणि महाग पंप जास्त खपल्यामुळे झाली. तांबे आणि ओतीव सुटे भाग त्याहून महागले. आता परिच्छेद असा होतो : ‘यंदा आपली विक्री 842 कोटींवर गेली, पण त्यात जास्तीच्या पंपांपेक्षा वाढलेल्या किमतींचा आणि महाग पंपांच्या खपाचा वाटा मोठा आहे. कच्चा माल त्याहून वेगाने महागला, म्हणून शंभर रुपयांच्या विक्रीमागे गेल्या वर्षी 13 रुपये एबिटा उरत होता, तिथे यंदा 12 उरले. करोत्तर नफा 58 कोटी दिसतो. त्यातले 12 कोटी जमीनविक्रीचे आहेत आणि ते पुन्हा येणार नाहीत.’ स्लाइडवर मार्जिनची घट ‘100 बेसिस पॉइंट’ अशी लिहिलेली असते. शंभरातला एक रुपया म्हटले की ती घरी बसून वाचणाऱ्यालाही कळते.

अंदाजाची स्लाइड जास्त नाजूक. ‘विक्रीवाढ 12 ते 14 टक्के’ असे तिथे असते. अट खालच्या बारीक अक्षरांत, की नवी उत्पादन-साखळी तिसऱ्या तिमाहीत सुरू व्हावी. शिवाय सादरीकरणात ‘हे अंदाज आहेत, हमी नव्हे’ असा खुलासा असतो. तो पत्रात येत नाही, म्हणून अट त्याच वाक्यात बसवावी लागते : ‘नवी साखळी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये सुरू झाली, तर 12 ते 14 टक्के वाढ आम्हाला शक्य वाटते.’ बाजाराला न कळवलेला नवा आकडा पत्रात घालू नये. भावावर परिणाम करणारी अप्रकट माहिती फोडल्याचा प्रश्न सेबीच्या नियमांनुसार उभा राहू शकतो. वार्षिक अहवालातल्या व्यवस्थापकीय विवेचनातही भवितव्याचा भाग असतो. तिथे एक आणि पत्रात दुसरे, असे झाले तर जाणकार भागधारक वार्षिक सभेत नेमके तेवढेच विचारतो.

हमखास होणारी चूक एकत्रित आणि स्वतंत्र आकड्यांच्या सरमिसळीची. सादरीकरणात सहसा उपकंपन्यांसह एकत्रित नफा असतो, लाभांश मात्र मूळ कंपनीच्या नफ्यातून दिला जातो. एकत्रित नफ्याशेजारी लाभांशाचे प्रमाण काढले की ते चुकते. म्हणून प्रत्येक आकडा स्लाइडशी नव्हे, लेखापरीक्षित पत्रकाशी ताडून पाहतात.

सादरीकरण मेमधले असते आणि पत्र जुलै-ऑगस्टमध्ये छापले जाते. मधे पहिल्या तिमाहीचे निकाल आलेले असतील, तर अंदाजाचा परिच्छेद त्यांच्या उजेडात पुन्हा तपासावा लागतो. वार्षिक सभा वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत घ्यायची असते, आणि आर्थिक पत्रके सभेच्या किमान 21 दिवस आधी भागधारकांना पाठवावी लागतात. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपनीला पत्राच्या मसुद्यासाठी मुदत मिळते ती तेवढीच.