मायक्रोमीटरची वंशावळ

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पीव्हीसीचा पाइप एक्स्ट्रूडरमधून बाहेर येतो, थंड पाण्याच्या टाकीतून जातो आणि कापला जातो. कापलेल्या टोकाशी तपासनीस मायक्रोमीटर लावून भिंतीची जाडी पाहतो. समजा, त्या पाइपची जाडी किमान 3.20 मिमी असायला हवी आणि मायक्रोमीटरवर 3.22 दिसले. पाइप पास होतो. या निर्णयामागे एक गृहीत असते: हा 3.22 मिमी आणि दिल्लीतला 3.22 मिमी एकच आहे. हे गृहीत खरे ठरवणारी तुलनांची साखळी म्हणजे ट्रेसेबिलिटी. साखळीची प्रत्येक कडी म्हणजे एक कॅलिब्रेशन. त्यात खालचे उपकरण वरच्या, अधिक अचूक मापाशी ताडून पाहिले जाते आणि फरक किती, शंका किती, हे लिहून ठेवले जाते.

साखळीच्या तळाशी असलेला मायक्रोमीटर पॅरिसमध्ये जन्मला. तेथील कारागीर झाँ लोराँ पामर याने 1848 मध्ये स्क्रूच्या आधारे जाडी मोजणाऱ्या कॅलिपरचे पेटंट घेतले. ब्राउन आणि शार्प या अमेरिकन उत्पादकांनी 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात तो पाहिला आणि पुढे तो कारखान्यांत रुळवला. आजच्या नेहमीच्या मायक्रोमीटरमध्ये स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि थिंबलवर 50 खुणा असतात, म्हणजे एका खुणेला 0.01 मिमी. पाइपची आतली बाजू वक्र असल्यामुळे जाडी मोजणाऱ्या मायक्रोमीटरचे एक टोक गोलाकार असते. सपाट टोक लावले तर ते आतल्या वक्राच्या दोन कडांवर टेकते आणि जाडी उगाच जास्त दिसते.

हे गोल टोक रोजच्या घासण्याने झिजते. तपासनीस शून्य न तपासताच मोजत गेला तर झिजेइतके कमी माप दिसते. टोकाची झीज 0.03 मिमी असेल, तर खऱ्या 3.20 मिमी भिंतीवर 3.17 दिसेल आणि ऑपरेटर जाडी वाढवेल. पाइप कमकुवत होणार नाही, पण 3.20 वर 0.03 म्हणजे सुमारे 0.9 टक्के. शंभर टन मालामागे जवळपास नऊशे किलो राळ फुकट गेली. मोजताना टोकावर पीव्हीसीची किसणी चिकटलेली असेल तर उलट होते: पातळ पाइप जाड दिसतो आणि नापास व्हायला हवा तो माल बाजारात जातो. दोन्ही चुका मायक्रोमीटर स्वतः सांगत नाही. त्या सांगायला वरची कडी लागते.

ती वरची कडी म्हणजे स्लिप गेज: कडक पोलादाचे, आरशासारखे घासलेले चौकोनी ठोकळे. त्यांचा जनक कार्ल एडवर्ड योहान्सन हा स्वीडनच्या एस्किल्स्टूना येथील रायफल कारखान्यातला तपासनीस. 1894 मध्ये तो जर्मनीतील माउझर कारखाना पाहून आला. तिथे प्रत्येक मापासाठी वेगळा गेज, असा प्रकार होता. परतीच्या प्रवासात त्याने उलटा विचार केला. मोजकेच ठोकळे असे निवडायचे की ते जोडून हवे ते माप उभे करता येईल. त्याच्या 102 ठोकळ्यांच्या संचातून सुमारे वीस हजार मापे जमत होती. सुरुवातीचे ठोकळे त्याने घरी, बायकोच्या शिलाई मशिनला घासण्याची चकती बसवून गुळगुळीत केले. सपाट पृष्ठभाग स्वच्छ करून एकमेकांवर दाबत सरकवले की ते चिकटतात आणि जोडाची जाडी धरण्याइतकी उरत नाही. सगळी युक्ती या चिकटण्यात आहे.

मायक्रोमीटर स्लिप गेजने तपासताना कोणती मापे निवडायची, यालाही महत्त्व आहे. 5, 10, 15, 20 असे गोल आकडे घेतले, तर आटा अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने थिंबल दर वेळी त्याच शून्य खुणेवर येऊन थांबतो. फेऱ्याच्या मधल्या भागात स्क्रू चुकत असेल तर ती चूक कधीच दिसणार नाही. म्हणून 0 ते 25 मिमीच्या मायक्रोमीटरसाठी 2.5, 5.1, 7.7, 10.3, 12.9, 15.0, 17.6, 20.2, 22.8 आणि 25.0 अशी विचित्र वाटणारी मापे वापरतात. त्यांच्यामुळे लांबीही तपासली जाते आणि थिंबलचा पूर्ण फेराही. गोल आकड्यांवरच तपासलेला मायक्रोमीटर प्रमाणपत्रावर निर्दोष दिसू शकतो, हे अशा कागदांच्या वाचकाने लक्षात ठेवावे.

कारखान्याचे स्वतःचे स्लिप गेजही झिजतात, ओरखडतात, गंजतात. त्यांना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवावे लागते. खान्देशातून ही पाठवणी साधारणतः नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई या दिशेला होते. मुंबईत चुनाभट्टीला आयडीईएमआय ही केंद्र सरकारची जुनी संस्था आहे. अशा प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता असते. ती देताना आयएसओ/आयईसी 17025 या मानकानुसार माणसे, खोली, पद्धत आणि हिशेब तपासले जातात. मान्यता सरसकट नसते. कोणती राशी, किती पल्ल्यात, किती अनिश्चिततेने मोजता येते, याची यादी तिच्यासोबत असते. दाबाच्या गेजसाठी मान्यता असलेल्या प्रयोगशाळेने लांबीचे प्रमाणपत्र दिले, तर त्या कागदावर मान्यता धरता येत नाही.

इथे ठोकळा ठोकळ्याशी ताडला जातो. तुलनायंत्रावर आधी प्रयोगशाळेचा मास्टर, मग कारखान्याचा त्याच मापाचा ठोकळा ठेवतात आणि फक्त फरक वाचतात. पंचवीस मिलिमीटरच्या ‘0’ दर्जाच्या ठोकळ्याला 0.14 मायक्रॉन इतक्याच विचलनाची मुभा असते, ‘2’ दर्जाच्या ठोकळ्याला 0.60. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याच कारणाने ही खोली 20 अंशांवर राखतात. वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने 1931 मध्ये लांबीसाठी हेच संदर्भ तापमान ठरवले.

खान्देशच्या मे महिन्यात हा आकडा नुसता कागदी राहत नाही. पंचवीस मिलिमीटरचा पोलादी ठोकळा 40 अंशांवर सुमारे 5.75 मायक्रॉन वाढतो, म्हणजे त्याला परवानगी असलेल्या चुकीच्या चाळीसपट. सुदैवाने मायक्रोमीटरही पोलादाचाच असतो. दोघे एकाच तापमानाला आले की दोघांची वाढ बहुतांशी एकमेकींना छेदते. म्हणूनच उपकरण पोचताच मोजायला घेत नाहीत, ते त्या खोलीत काही तास निवत ठेवतात. पाइपबाबत अशी सूट नाही. पीव्हीसी पोलादाच्या सहापट प्रसरण पावते. भारतीय चाचण्यांसाठी नेहमी धरले जाणारे तापमान 27 अंश आहे. 110 मिमी व्यासाचा पाइप 40 अंशांवर मोजला, तर तो 27 च्या तुलनेत सुमारे 0.1 मिमी मोठा भरतो. आयएस 4985 मध्ये या मापाच्या पाइपच्या सरासरी बाह्य व्यासाला 110.0 ते 110.4 मिमी एवढीच जागा आहे, तिचा पाव हिस्सा नुसत्या उन्हाने खाल्ला. इथे कॅलिब्रेशनची साखळी शाबूत असूनही माप चुकते.

प्रयोगशाळेचा मास्टर पुढे नवी दिल्लीला, राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत म्हणजे एनपीएलमध्ये जातो. काही वेळा मधे आणखी एक प्रयोगशाळा असते. एनपीएलचे उद्घाटन 21 जानेवारी 1950 रोजी सरदार पटेलांच्या हस्ते झाले. 1956 च्या वजन-मापांच्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आणली आणि भारत 1957 मध्ये मीटर करारात सामील झाला. त्याआधी गज आणि शेर गावोगाव बदलत. एकमेकांचे सुटे भाग जुळवणाऱ्या कारखान्यांना तो आधार चालण्यासारखा नव्हता.

या टप्प्यावर ठोकळा ठोकळ्याशी ताडणे थांबते. तो प्रकाशाने मोजला जातो. मायकेल्सनने 1892-93 मध्ये पॅरिसजवळ सेव्हर येथे मीटरचा दांडा कॅडमियमच्या प्रकाशलहरींत मोजून ही वाट दाखवली होती. सपाट पट्टीवर चिकटवलेल्या ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठावरून आणि पट्टीवरून परतणारे किरण एकत्र आले की काळ्या-उजळ पट्ट्या उमटतात. ठोकळ्यावरच्या पट्ट्या पट्टीवरच्या पट्ट्यांपासून कितीने सरकल्या, ते मोजतात. दोन-तीन रंगांच्या लहरींनी हेच करून एकाच लांबीला जुळणारी संख्या शोधली जाते. त्यासाठी लहर किती लांब, हे पक्के ठाऊक हवे. 633 नॅनोमीटरच्या हेलियम-निऑन लेसरची वारंवारता आयोडिनच्या रेणूंशी बांधून अब्ज भागांत एका भागापेक्षाही कमी फरकाने स्थिर ठेवतात. मीटरची आजची व्याख्या 1983 ची: निर्वातात प्रकाश 1/299792458 सेकंदात जेवढे अंतर कापतो ते. तिथे वंशावळ संपते. तिच्यापलीकडे ताडून पाहायला दुसरी वस्तू नाही.

वर चढताना शंका कमी होत जाते, खाली उतरताना वाढते. एनपीएलच्या पातळीवर ठोकळ्याच्या मापाची अनिश्चितता मायक्रॉनच्या काही शतांश भागांत, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत साधारण 0.1 ते 0.2 मायक्रॉन, मायक्रोमीटरच्या वाचनात एक-दोन मायक्रॉन. या शंकांची नुसती बेरीज करत नाहीत, त्यांच्या वर्गांची करतात आणि मग वर्गमूळ घेतात. मायक्रोमीटरचे 2 मायक्रॉन आणि ठोकळ्याचे 0.2 मायक्रॉन मिळून 2.01 होतात. वरची कडी दहापट चांगली असेल तर तिची शंका जवळपास लुप्त होते. बरोबरीची असेल तर 2 आणि 2 मिळून 2.8. स्वस्त, जुन्या, दर्जा माहीत नसलेल्या ठोकळ्यांनी मायक्रोमीटर तपासणे परवडत नाही ते यासाठी.

वजनाचे घराणे याच्याशेजारी उभे आहे. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याच्या बाजारात मिरची तोलणाऱ्या काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असतो. त्याची साखळी निरीक्षकाकडील कार्यमानक वजनांतून दुय्यम मानकांकडे, तिथून प्रादेशिक प्रयोगशाळेकडे आणि शेवटी एनपीएलमधल्या 57 क्रमांकाच्या किलोग्रॅमकडे जाते. 20 मे 2019 पासून किलोग्रॅमही प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावर न राहता प्लांकच्या स्थिरांकावर बेतला गेला. दोन्ही घराण्यांतला फरक एवढाच की काट्याचा शिक्का कायद्याने सक्तीचा आहे आणि मायक्रोमीटरचे प्रमाणपत्र बहुधा ग्राहकाच्या किंवा मानकाच्या अटीमुळे लागते.

साखळी तुटली आहे का, हे प्रमाणपत्र वाचून कळते. उपकरणाचा क्रमांक कागदावर आणि धातूवर एकच हवा. कोणत्या मास्टरने मोजले, त्या मास्टरचे प्रमाणपत्र कोणाचे आणि ते त्या दिवशी चालू होते का, हे लिहिलेले हवे. प्रत्येक मापापुढे चूक आणि अनिश्चितता वेगवेगळी हवी. ‘एनपीएलशी ट्रेसेबल’ असा ठसा आहे पण अनिश्चितता नाही, तर तो कागद ट्रेसेबिलिटी सिद्ध करत नाही. प्रमाणपत्र उपकरण ‘बरोबर’ असल्याचे सांगत नाही, ते किती चुकते ते सांगते. 15.0 मिमीवर चूक +0.006 लिहिलेली असताना साध्या मायक्रोमीटरसाठी सर्वसाधारण मर्यादा 0.004 असेल, तर तो दुरुस्त करायचा, बाद करायचा किंवा आकड्यातून चूक वजा करायची, हे कारखान्याने ठरवायचे असते. पुढची तारीखही कारखानाच ठरवतो. रोज शेकडो पाइपांवर फिरणाऱ्या आणि कपाटात पडून असलेल्या मायक्रोमीटरला एकच मुदत देण्यात अर्थ नाही. आणि जमिनीवर पडलेला मायक्रोमीटर त्याच दिवशी साखळीबाहेर गेला, कागदावर दहा महिने शिल्लक असले तरी.

जळगावचा पाइप परदेशी जाताना हाच कागद त्याच्यासोबत जातो. राष्ट्रीय संस्थांमधला परस्पर मान्यतेचा करार 14 ऑक्टोबर 1999 रोजी पॅरिसला झाला. त्यातल्या संस्था आपापली मानके ठरावीक काळाने एकमेकींशी ताडून निकाल जाहीर करतात आणि एनपीएल त्यांत आहे. मान्यता देणाऱ्या मंडळांचा तसाच करार नोव्हेंबर 2000 मध्ये झाला, त्यात एनएबीएल आहे. त्यामुळे मान्यतेच्या यादीत बसणारे, अनिश्चितता लिहिलेले प्रमाणपत्र या करारांतल्या देशांत पुन्हा कॅलिब्रेशन न करता धरले जाते.