मधुमेहींचे मंदावलेले जठर : पथ्य कुठे चुकते?

रात्री नऊला जेवण झाले. पोट भरल्याची जाणीव चार घासांतच झाली होती, तरी ताट संपवले. पहाटे तीन वाजता उलटी झाली आणि तीत रात्रीची मटकीची उसळ जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडली. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेक घरांत हा प्रसंग 'पित्त झाले', 'जेवण बाधले' असे म्हणून सोडून दिला जातो. मात्र सहा तासांपूर्वीचे अन्न न पचता उलटीतून पडत असेल, तर जठर रिकामे होण्याची क्रियाच मंदावली आहे काय, हे तपासणे आवश्यक ठरते. या विकाराला वैद्यकशास्त्रात 'गॅस्ट्रोपॅरेसिस' असे नाव आहे. पॉल कासांडर या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मधुमेहींच्या संदर्भात हा शब्द प्रथम वापरला. त्यांनी वर्णन केलेल्या रुग्णांना जठरात अन्न साचूनही विशेष त्रास जाणवत नव्हता. जठराची मंदता आणि जाणवणारा त्रास यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही, ही बाब आजही तितकीच खरी आहे.

जठर का थांबते?

निरोगी जठर घन अन्नाची घुसळण करते. त्याचा खालचा भाग मिनिटाला सुमारे तीन वेळा आकुंचन पावतो आणि अन्न दळून त्याचे एक ते दोन मिलिमीटरचे कण झाले, म्हणजे जठराच्या खालच्या तोंडाशी असलेली झडप ते लहान आतड्यात थोडेथोडे सोडते. पाणी, ताक, वरणाचे पाणी यांना दळण्याची गरज नसल्याने ते पुढे सहज सरकतात. जठर मंदावले तरी द्रव पदार्थ बराच काळ सोसवतात, त्याचे कारण हेच.

या हालचालीवर व्हेगस या मज्जातंतूचे नियंत्रण असते, तर तिचा ताल जठराच्या भिंतीतील 'काहालच्या पेशी' राखतात. अनेक वर्षे रक्तातील साखर वाढलेली राहिली, की या दोहोंना इजा पोहोचते. त्यामुळे हा विकार बहुधा मधुमेहाला दहा किंवा अधिक वर्षे झाल्यावर दिसतो. पायांना मुंग्या येणे, डोळ्यांच्या पडद्यावर किंवा मूत्रपिंडावर परिणाम होणे या गोष्टी अशा रुग्णांत अनेकदा आधीपासूनच असतात. शिवाय साखर त्या क्षणी फार वाढलेली असेल तर तेवढ्यापुरतेही जठर मंदावते. म्हणजे जठर मंद म्हणून साखर बेभरवशाची आणि साखर वाढली म्हणून जठर आणखी मंद, असे हे दुष्टचक्र आहे.

थोडे खाताच पोट गच्च होणे, जेवणानंतर तासन्‌तास जडपणा राहणे, मळमळ, उलटी, पोट फुगणे आणि वरच्या पोटात दुखणे ही या विकाराची लक्षणे होत. इन्शुलिन घेणाऱ्यांत आणखी एक खूण आढळते, ती म्हणजे जेवणानंतर तास-दीड तासात साखर घसरणे आणि पहाटे ती अकारण चढलेली असणे. इन्शुलिन वेळेवर कामाला लागते, पण अन्न जठरातच अडकलेले असते. ते पुढे सरकते तेव्हा इन्शुलिनचा जोर ओसरलेला असतो.

निदान कसे होते?

प्रथम दुर्बिणीने जठराची तपासणी करतात. व्रण, गाठ किंवा अन्य अडथळा नाही याची खात्री झाल्याशिवाय गॅस्ट्रोपॅरेसिसचे निदान करता येत नाही. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न आढळले, तर संशय बळावतो. त्यानंतरची मुख्य चाचणी म्हणजे 'गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन'. टेक्नेशियम हे अल्प किरणोत्सारी द्रव्य मिसळलेला ठरावीक आहार, मूळ पद्धतीत अंड्याचा पांढरा भाग, पाव, जॅम आणि पाणी, रुग्णाला देऊन चार तास ठरावीक अंतराने छायाचित्रे घेतली जातात. चार तासांनंतर जठरात दहा टक्क्यांहून अधिक अन्न शिल्लक असेल तर जठर मंद मानतात. दोन तासांतच आटोपलेली चाचणी अपुरी ठरू शकते. चाचणीच्या वेळी साखर फार वाढलेली असेल किंवा जठर मंदावणारी औषधे चालू असतील, तर निष्कर्षही फसवा निघतो. अशी औषधे सहसा दोन-तीन दिवस आधी थांबवतात, मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

औषधांची यादी तपासणे यासाठीही गरजेचे असते. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, तसेच मधुमेह आणि वजनासाठी दिली जाणारी लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही औषधे जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. उलट्यांचे मूळ कधी कधी तिथेच सापडते.

मधुमेहाचे पथ्यच उलटते तेव्हा

कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, कोंड्यासह भाकरी, भिजवलेले मेथीदाणे आणि रात्री इसबगोल हा मधुमेहींना एरवी दिला जाणारा उत्तम सल्ला आहे. तंतुमय अन्नामुळे साखर हळूहळू वाढते, म्हणून तो दिला जातो. जठर मंदावलेल्या रुग्णाला मात्र नेमका हाच आहार उलट्यांकडे नेतो. तंतू, साली आणि बिया दळल्या जात नाहीत. त्या साचून राहतात आणि कधी त्यांचा घट्ट गोळा बनून वाटच अडते. तळलेले व स्निग्ध पदार्थही जठराला आणखी मंद करतात.

उलट्या कमी करणारा आहार तीन तत्त्वांवर उभा असतो. जेवण थोडे असावे, त्यात तेल-तूप व तंतू कमी असावेत आणि अन्नाचे कण बारीक असावेत. यांपैकी तिसऱ्या तत्त्वाची स्वतंत्र परीक्षा स्वीडनमध्ये झाली. इन्शुलिन घेणाऱ्या ५६ रुग्णांवरील हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काट्याने दाबताच उकडलेल्या बटाट्याप्रमाणे कुस्करले जाणारे अन्न वीस आठवडे खाणाऱ्यांत मळमळ, उलट्या, पोट गच्च होणे आणि फुगणे हे त्रास नेहमीचा मधुमेही आहार घेणाऱ्यांपेक्षा कमी झाले. पोटदुखीत मात्र फरक पडला नाही.

आपल्या स्वयंपाकघरात ही कसोटी लावणे अवघड नाही. मऊ भात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, गाळलेले वरण, इडली, साल-बिया काढून शिजवून घोटलेला दुधी किंवा लाल भोपळा, सायीविना दही, ताक, अंड्याचा पांढरा भाग आणि उकडलेला पापलेट हे पदार्थ तीत उतरतात. मटकीची उसळ, शेंगदाण्याचे कूट, ओले खोबरे, मक्याचे दाणे, संत्र्याच्या फोडी, चिवडा आणि तळलेला वडा हे उतरत नाहीत. टोमॅटो सोडायचाच असे नाही. सालीसकट कोशिंबिरीत बाधणारा टोमॅटो गाळलेल्या साराच्या रूपात चालून जातो.

एका रुग्णाचे उदाहरण

प्रत्यक्षात हा बदल कसा घडतो, हे स्पष्ट होण्यासाठी एक नमुनेदार उदाहरण पाहू. बावन्न वर्षांच्या एका गृहिणीला बावीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्या जेवणापूर्वी इन्शुलिन घेतात. रात्री नऊला दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर असे त्यांचे जेवण. साडेदहाला साखर ६२ पर्यंत घसरते, त्या घाईने बिस्किटे खातात, पहाटे उलटी होते आणि सकाळी उपाशीपोटी साखर २८० भरते. सकाळचा एकच आकडा पाहून इन्शुलिन वाढवले जाते आणि रात्रीची घसरण आणखी तीव्र होते. अखेर रात्री साडेदहा आणि पहाटे तीन या वेळांचीही नोंद ठेवल्यावर दुखणे लक्षात येते. स्कॅनमध्ये चार तासांनंतर ३८ टक्के अन्न जठरात शिल्लक असते.

त्यानंतर दिवसभराचे खाणे सहा भागांत विभागले जाते. घन जेवण संध्याकाळी सातच्या आत होते. त्यात एक वाटी पातळ खिचडी, अर्धी वाटी घोटलेला दुधी आणि वर चमचाभरच तूप असते. नऊला पेलाभर पातळ ताक. जेवल्यावर आडवे न होता पंधरा-वीस मिनिटे घरात फेऱ्या. झोप किमान तीन तासांनंतर. इन्शुलिन जेवणाआधी घ्यायचे की जेवण झाल्यावर, आणि किती, हे डॉक्टर नव्या नोंदी पाहून ठरवतात. अशा रुग्णात आठवड्यातून चार रात्री होणाऱ्या उलट्या काही आठवड्यांत एखाद्या रात्रीवर येऊ शकतात. त्रास वाढलेल्या दिवशी पेज, गाळलेले सूप, ताक अशा पातळ पदार्थांवर यायचे आणि बरे वाटू लागताच पुन्हा मऊ अन्नाकडे वळायचे, ही सवय उपयोगी पडते.

साखर घसरली तर बिस्किटाची वाट पाहणे धोक्याचे असते, कारण तेही दळले जावे लागते. तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी. द्रवही जठरात रेंगाळू शकत असल्याने ही दुसरी मोजणी टाळू नये.

पथ्याच्या मर्यादा

आहाराने जठराचा वेग पूर्ववत होत नाही. त्रास तेवढा आटोक्यात राहतो. तो पुरेसा नसल्यास डॉक्टर मेटोक्लोप्रमाइड किंवा डोम्पेरिडोन देतात. पहिल्या औषधाने दीर्घ वापरात चेहरा व जिभेच्या अनैच्छिक हालचाली सुरू होऊ शकतात, म्हणून ते सहसा बारा आठवड्यांपलीकडे देत नाहीत. दुसऱ्यामुळे हृदयाचा ताल बिघडू शकतो, म्हणून त्याआधी ईसीजी पाहणे इष्ट असते. घरातील जुन्या चिठ्ठीवरून ही औषधे महिनोन्‌महिने घेत राहणे धोक्याचे आहे.

पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट पदार्थ दिसला, तर त्वरित रुग्णालय गाठावे. उलट्या होत आहेत म्हणून इन्शुलिन स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नये. रक्तात कीटोन वाढून जिवावर बेतू शकते आणि त्या अवस्थेतही उलट्याच होतात. मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटकाही छातीत फारसे न दुखता केवळ घाम, मळमळ आणि उलटी अशा रूपात येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. आणि कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल, तर हा विकार असल्याचे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. रात्रभर उपाशी राहूनही जठर रिकामे नसेल, तर भुलीच्या वेळी अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.