व्हे प्रथिने आणि मुरुमे

व्हे प्रथिने ही चीज किंवा पनीर तयार करताना उरणाऱ्या पाण्यातून मिळवलेली दुधातील प्रथिने होत. त्यांच्यामुळे मुरुमे येतात, हे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. २०१२ मध्ये सिमोनार्ट यांनी ही प्रथिने घेऊ लागल्यानंतर मुरुमे आलेल्या ५ निरोगी प्रौढ पुरुषांची नोंद प्रसिद्ध केली. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने अशा नोंदींवरून कारण ठरवता येत नाही. व्यायामपटूंमध्ये तारुण्य, घाम किंवा स्टेरॉइडचे सेवन हीही कारणे असू शकतात. या प्रथिनांमुळे इन्सुलिन वाढते व त्यामुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक सक्रिय होत असाव्यात, असे मानले जाते. निरीक्षणात्मक अभ्यासांत दुधाचा मुरुमांशी सौम्य संबंध आढळतो. दही व चीज यांबाबत तो तितका स्पष्ट नाही.