तलफेवरचे तोंडचाळे (बडीशेप, दालचिनी, साखरविरहित च्युइंगगम)

तंबाखू, विडी किंवा सिगारेट सोडताना उठणारी तलफ मारण्यासाठी तोंडात धरायचे किंवा चघळायचे निकोटिनविरहित पदार्थ. बडीशेप, दालचिनीची काडी, लवंग, वेलदोडा आणि साखरविरहित च्युइंगगम हे त्यांपैकी नेहमीचे. हे पदार्थ व्यसन सोडवत नाहीत. तलफेची काही मिनिटे पार पाडायला मदत करतात, आणि त्यांचा उपयोग तेवढ्याच मापाने मोजावा लागतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः धुराचा नसून गालफडात धरलेल्या तंबाखूचा आहे. २०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. त्यामुळे सिगारेटच्या संदर्भात दिलेले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. सिगारेट सोडणाऱ्याची बोटे आणि ओठ रिकामे होतात, म्हणून त्याला दालचिनीची काडी सोयीची वाटते. तंबाखू खाणाऱ्याला मात्र गालातली भर, तिची झणझण आणि तळहातावर मळण्याचा विधी यांची उणीव भासते.

तलफ कशाची असते. तलफेचे दोन भाग असतात. पहिला शरीराचा. तंबाखूत चुना मळला की मिश्रण अल्कधर्मी होते आणि निकोटिन तोंडाच्या अस्तरातून सहज रक्तात उतरते. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि मेंदू पुढची चिमूट मागू लागतो. दुसरा भाग सवयीचा. चहा झाला, जेवण झाले, गाडी लागली, सोबत्याने पुडी काढली, की हात आपोआप खिशाकडे जातो. बडीशेप फक्त हा दुसरा भाग भागवते, कारण तिच्यात निकोटिन नाही. मात्र तलफेचा एकेक झटका बहुधा काही मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ तोंड गुंतून राहिले तर तो झटका पुडी न उघडता निघून जातो.

खोपटचे उदाहरण. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला खोपट येथे एसटीचे बसस्थानक आहे. अशा स्थानकावरच्या एखाद्या चालकाचा दिवस नमुन्यादाखल घेता येईल. तो दिवसातून आठ वेळा तंबाखू मळतो : उठल्या उठल्या, सकाळच्या चहानंतर, गाडी ताब्यात घेताना, फेरी संपल्यावर, जेवणानंतर, दुपारी गाडी सुटण्याची वाट पाहताना, संध्याकाळच्या चहानंतर आणि झोपण्यापूर्वी. तंबाखूची डबी घरी ठेवून तो खिशात बडीशेपेची डबी ठेवतो आणि तलफ आली की अर्धा चमचा दाणे सावकाश चावतो. जेवणानंतर साखरविरहित गम दहा-पंधरा मिनिटे चघळतो. गाडी चालवताना मात्र सुटे दाणे तोंडात टाकत नाही, कारण धक्का बसला तर दाणा श्वासनलिकेकडे जाऊन ठसका लागू शकतो.

आठवड्याने पाहिले तर चहानंतरच्या, जेवणानंतरच्या आणि फेरीच्या आसपासच्या चिमटी बऱ्याच गळतात, कारण त्या वेळेला आणि सोबतीला बांधलेल्या होत्या. उठल्या उठल्याची चिमूट मात्र हटत नाही. रात्रभर निकोटिन मिळालेले नसते, आणि त्या भुकेला बडीशेप पुरत नाही. जाग आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागणे हे घट्ट शारीरिक व्यसनाचे लक्षण मानतात. अशा माणसाला केवळ तोंडचाळ्यावर सोडले तर पहिल्या दोन-तीन दिवसांत चिडचिड, बेचैनी आणि झोपमोड वाढते आणि तो पुन्हा पुडीकडे वळतो. दोष त्याच्या निग्रहात नसतो. साधनच अपुरे असते.

पुरावा. निकोटिन नसलेल्या चाळ्यांवरचे संशोधन थोडे आहे. साधा गम चघळल्याने धूम्रपान थांबवलेल्या माणसाची अस्वस्थता तात्पुरती कमी होते, असे छोट्या प्रयोगांत दिसले. तंबाखू खाणाऱ्यांसाठी अमेरिकेत पुदिन्याची तंबाखूविरहित भुकटी तपासली गेली. मिनेसोटा विद्यापीठातील डोरोथी हात्सुकामी यांच्या अभ्यासात तिने तलफ आणि त्रास कमी झाला, पण तंबाखू कायमची सुटणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. बडीशेपेकडूनही याहून जास्त अपेक्षा ठेवण्यास आधार नाही.

निकोटिन गमशी गल्लत. औषधाच्या दुकानातला निकोटिन गम आणि साधा साखरविरहित गम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. निकोटिन गम २ आणि ४ मिलिग्रॅमचा असतो. तो साध्या गमसारखा भराभर चघळला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते. उचकी लागते, मळमळते आणि तलफ तशीच राहते. तो सावकाश चघळून तिखट झणझण जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचा, झणझण मावळली की पुन्हा थोडा चघळायचा. असे सुमारे अर्धा तास चालते. गम घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असेपर्यंत कॉफी किंवा फळांचा रस टाळावा, कारण आम्लामुळे निकोटिन तोंडात नीट शोषले जात नाही. मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवणे चांगले.

पदार्थांचे गुणदोष. साधी बडीशेप सर्वांत निरुपद्रवी. साखरेचे पुट दिलेली रंगीत बडीशेप दिवसभर चघळल्यास दात किडतात. साखरविरहित गमने तो धोका टळतो, पण त्यातील सॉर्बिटॉल व झायलिटॉल जास्त झाले की पोट फुगते, जुलाब होतात. जबडा दुखत असलेल्यांना किंवा कवळी वापरणाऱ्यांना तो झेपत नाही.

दालचिनीबाबत अधिक सावधगिरी लागते. तिच्यातील सिनामाल्डिहाइड काहींच्या तोंडाला झोंबते. जळजळ होते, आतल्या त्वचेवर लाल-पांढरे चट्टे येतात. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा म्हणजे कर्करोगपूर्व बदलही असू शकतो, आणि दोन्ही चट्टे नुसत्या डोळ्यांना सारखे दिसू शकतात. म्हणून चट्टा दिसताच दालचिनी बंद करावी आणि दोन आठवड्यांत तो गेला नाही तर दंतवैद्याकडून तपासून घ्यावा. बाजारातील जाड सालीच्या कॅसिया दालचिनीत कुमारिन असते आणि ते मोठ्या प्रमाणात यकृताला बाधक ठरते, म्हणून काड्या दिवसभर चावून खाण्याची सवय लावू नये.

सर्वांत मोठी फसगत सुपारीची. सुपारी घातलेला मुखवास, गोड सुपारी किंवा ‘तंबाखूविरहित’ पानमसाला हा पर्याय नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे, आणि तोंड उघडेनासे होण्याचा विकारही तिच्यामुळेच होतो. पुडी घेताना घटकांत सुपारी आहे का ते वाचावे.

उपयोग ओळखण्याची खूण. बडीशेप किती खाल्ली याला अर्थ नाही; तंबाखूच्या चिमटी किती उरल्या ते मोजावे. पहिल्या आठवड्यात आठाच्या तीन झाल्या तर चाळा कामी येतो आहे. बडीशेप आणि तंबाखू दोन्ही चालू राहिले, किंवा सकाळची चिमूट दोन आठवड्यांनंतरही तशीच असेल, तर समुपदेशन आणि औषधाची जोड हवी. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठी आहे. ती जोड मिळाल्यावरही बडीशेपेची डबी खिशात ठेवावी. चहानंतरच्या पाच मिनिटांना तीच लागते.